आरसी सर्किटला स्क्वेअर वेव्ह दिली तर आउटपुट नक्की किती? छेदातल्या 1+e^(-as) चं काय करायचं

प्रश्न: सर, मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडच्या आरसी सर्किटला ० ते ५ व्होल्टची, ५०० हर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिली आहे. पीरिऑडिक सिग्नलचा लाप्लास लावला की छेदात 1+e^(-as) उरतं, त्याचं पार्शियल फ्रॅक्शन जमत नाही. सीरिज केली तर ती संपतच नाही. फायनल व्हॅल्यू थिअरमने २.५ व्होल्ट येतात, पण लॅबमध्ये स्कोपवर साधारण १.३ ते ३.७ दिसतं. यातलं बरोबर कुठलं आणि हातानं नीट उत्तर कसं काढायचं?

उत्तर:

स्कोप बरोबर आहे. तुमची सीरिजही बरोबर आहे. २.५ हा आकडाही खरा आहे, फक्त तो शेवटचा व्होल्टेज नसून सरासरी आहे, आणि तो तसा का येतो ते पुढे सांगतो. आधी हातानं काढायची रीत बघू. पुस्तकात बहुधा सीरिजचा लांबचा रस्ता दिलेला असतो. जवळचा रस्ता असा आहे: सिस्टिमच्या एकाच पोलचा रेसिड्यू काढायचा, तो पहिल्या आवर्तनाच्या उत्तरातून वजा करायचा, आणि उरलेलं म्हणजे स्टेडी स्टेट. अनंत बेरीज कुठेच करावी लागत नाही.

मांडणी करून घेऊ. अर्ध्या आवर्तनाला a म्हणू, म्हणजे पूर्ण आवर्तन 2a. तुमच्या गणितात आवर्तन २ मिलिसेकंदांचं आहे, म्हणून a = १ मिलिसेकंद. टाइम कॉन्स्टंट τ = RC हाही १ मिलिसेकंदच येतो. दोन्ही सारखे निघाले हा योगायोग सोयीचा आहे, पण सूत्र लिहिताना a आणि τ वेगळेच ठेवा, नाहीतर कुठला १ कुठून आला हे दोन ओळींनंतर कळत नाही.

पीरिऑडिक सिग्नलचा नियम असा की एका पूर्ण आवर्तनाचा लाप्लास काढायचा आणि त्याला 1-e^(-2as) ने भागायचं. एका आवर्तनात सिग्नल a पर्यंत E आहे, नंतर शून्य.

```
X(s) = (E/s)·(1 - e^(-as)) / (1 - e^(-2as))
     = E / [ s·(1 + e^(-as)) ]

H(s) = 1 / (1 + τs)

Y(s) = E / [ s·(1 + τs)·(1 + e^(-as)) ]
```

वरून दुसऱ्या ओळीवर येताना छेदाचे अवयव पाडले आहेत: 1-e^(-2as) म्हणजे (1-e^(-as))(1+e^(-as)). ही काटछाट केली नाही तर पुढे s = 0 पाशी दोनदा पोल आहे असं वाटतं आणि उत्तरात नसलेला रॅम्प शिरतो. अंशातलं 1-e^(-as) सुद्धा s = 0 ला शून्य होतं, त्यामुळे तो जादाचा पोल खरा नाहीच.

आता पार्शियल फ्रॅक्शन का अडतं ते बघा. आपल्याला बहुपदीची सवय असते: छेदाचे दोन-तीन अवयव, तेवढीच पदं. 1+e^(-as) हे बहुपदी नाही. त्याला मुळं आहेत, पण अनंत आहेत. e^(-as) = -1 कुठे होतं? s = jπ/a, 3jπ/a, 5jπ/a इथे आणि त्यांच्या ऋण जोड्यांपाशी. सगळी मुळं काल्पनिक अक्षावर, सारख्या अंतरावर. तुमच्या सिग्नलसाठी π/a म्हणजे सेकंदाला ३१४१.६ रेडियन, म्हणजेच ५०० हर्ट्झ. पुढची मुळं १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ. स्क्वेअर वेव्हमध्ये फक्त विषम हार्मोनिक असतात हे फूरियेत शिकलात, तेच इथे छेदाच्या मुळांमधून बाहेर आलं. यांत s = 0 चा पोल मिळवा, तो सरासरीचा म्हणजे डीसीचा.

तर Y(s) चे पोल दोन घरचे आहेत. s = 0 आणि ते सगळे विषम हार्मोनिक हे इनपुटच्या घरचे. s = -1/τ हा एकटा सिस्टिमच्या घरचा. इनपुटच्या घरच्या प्रत्येक पोलमधून येणारं पद स्थिर आहे किंवा ५०० हर्ट्झच्या पटीतली साइन वेव्ह आहे, म्हणून त्यांची बेरीज दर 2a नंतर जशीच्या तशी परत येते. ती बेरीज म्हणजेच स्टेडी स्टेट. सिस्टिमच्या पोलमधून येतं ते e^(-t/τ) च्या पटीतलं एकच पद, ते विरत जातं. हा ट्रान्झियंट. अनंत पदं सगळी एका बाजूला जमा झाली आणि दुसऱ्या बाजूला एकच उरलं, हीच आपल्या उपयोगाची गोष्ट. त्या एका पदाचा रेसिड्यू काढायला अर्धा मिनिट लागतो:

```
s = -1/τ पाशी:

(s + 1/τ)·Y(s) = E / [ τs·(1 + e^(-as)) ]

τs = -1,  e^(-as) = e^(a/τ)  ठेवून

रेसिड्यू = -E / (1 + e^(a/τ))

y_tr(t) = -E·e^(-t/τ) / (1 + e^(a/τ))
```

इथे चिन्ह सांभाळा. s ऋण आहे, म्हणून e^(-as) चा घातांक धन होतो. परीक्षेत हमखास चूक होते ती इथे: e^(-a/τ) लिहिलं जातं आणि ट्रान्झियंट १.३४ ऐवजी ३.६६ व्होल्टचा निघतो. स्टेडी स्टेट काढल्यावर ते आवर्तनाच्या सुरुवातीला आणि शेवटाला सारखंच येतं का हे तपासलं की ही चूक ताबडतोब पकडता येते.

आता स्टेडी स्टेट. अनंत साइन वेव्ह जमवत बसायची गरज नाही. पहिल्या अर्ध्या आवर्तनात, म्हणजे t शून्यापासून a पर्यंत, सर्किटला इनपुट पुढे खाली येणार आहे की नाही हे माहीतच नसतं. त्याच्या दृष्टीनं ती साधी स्टेप आहे आणि उत्तर E(1-e^(-t/τ)). पूर्ण उत्तर म्हणजे ट्रान्झियंट अधिक स्टेडी स्टेट. म्हणून पूर्ण उत्तरातून ट्रान्झियंट वजा केला की या अर्ध्या भागातलं स्टेडी स्टेट हाती येतं. आणि ते पीरिऑडिक आहे हे आधीच ठरलंय, त्यामुळे एकदा मिळालं की पुढच्या प्रत्येक आवर्तनात तेच. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी पूर्ण उत्तरात फक्त a ला सुरू होणारी ऋण स्टेप मिळवायची. लिहायला सोपं जावं म्हणून p = e^(-a/τ) घेतो, आणि t' म्हणजे त्या त्या अर्ध्या भागाच्या सुरुवातीपासून मोजलेला वेळ.

```
इनपुट E असताना (0 ≤ t' < a):
y_ss = E·[ 1 - e^(-t'/τ) / (1 + p) ]

इनपुट 0 असताना (0 ≤ t' < a):
y_ss = E·e^(-t'/τ) / (1 + p)

वरचं टोक  Vmax = E / (1 + p)
खालचं टोक  Vmin = E·p / (1 + p)
```

दुसरी ओळ स्वतः करून बघा. E(e^(-(t-a)/τ) - e^(-t/τ)) मधून ट्रान्झियंट वजा करायचा आणि t = a + t' ठेवायचं, एवढंच. पहिल्या सूत्राचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात जुळते, दुसऱ्याचा शेवट पहिल्याच्या सुरुवातीला जुळतो. कपॅसिटरचा व्होल्टेज उडी मारू शकत नाही, म्हणून हे जुळलंच पाहिजे. न जुळल्यास वजाबाकीत काहीतरी चुकलंय.

आकडे घालू. a/τ = 1, म्हणून p = 0.3679. वरचं टोक ५ ला १.३६७९ ने भागून ३.६५५ व्होल्ट, खालचं १.३४५ व्होल्ट. स्कोपवर तुम्ही वाचलेलं हेच. ट्रान्झियंट -1.345·e^(-t/τ). त्याचा आकडा आणि खालच्या टोकाचा आकडा एकच आहे, आणि त्याला कारण आहे. कपॅसिटर शून्यापासून निघाला, पण स्टेडी स्टेटची लाट त्या क्षणी १.३४५ वर असायला हवी होती. तेवढी तूट म्हणजेच ट्रान्झियंट. कपॅसिटर आधीच १.३४५ व्होल्टला भारलेला असता तर पहिल्या आवर्तनापासूनच पक्की लाट दिसली असती. सुरुवातीचा व्होल्टेज V0 असेल तर ट्रान्झियंटचा गुणक V0 - Vmin होतो, बाकी काहीच बदलत नाही.

प्रत्येक टोकाला प्रत्यक्ष किती व्होल्टेज येतो ते आता सरळ सांगता येतं. पहिल्या मिलिसेकंदाला ३.६५५ उणे १.३४५ × ०.३६७९, म्हणजे ३.१६१. दुसऱ्याला १.१६३, तिसऱ्याला ३.५८८, चौथ्याला १.३२०, पाचव्याला ३.६४६, सहाव्याला १.३४१. तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी फरक चार मिलिव्होल्टच्याही आत आला. लाप्लासवर विश्वास बसत नसेल तर त्याचा आधार न घेता, एकेक अर्धा भाग चालत जाऊन पडताळा:

```python
import math
E, a, tau = 5.0, 1e-3, 1e-3
p = math.exp(-a/tau)
v = 0.0
for n in range(6):
    target = E if n % 2 == 0 else 0.0
    v = target + (v - target)*p
    print(n + 1, round(v, 4))
```

वर दिलेलेच सहा आकडे येतील. या कोडमध्ये ना रेसिड्यू आहे ना पोल, म्हणून ही पडताळणी खऱ्या अर्थानं स्वतंत्र आहे.

तुमची सीरिज संपत का नाही, याबद्दल. 1/(1+e^(-as)) चा विस्तार 1 - e^(-as) + e^(-2as) - ... असा केलात, आणि प्रत्येक पदाचा इन्व्हर्स म्हणजे a, 2a, 3a इतकी उशिरा सुरू होणारी स्टेप रिस्पॉन्स. त्या प्रत्येक पदाला u(t-na) चिकटलेलं आहे. म्हणजे t = 3.4 मिलिसेकंदाला उत्तर हवं असेल तर n = 0, 1, 2, 3 एवढी चारच पदं जिवंत आहेत, बाकीची अजून जन्मलेलीच नाहीत. बेरीज नेहमीच मर्यादित असते. बहुतेकांचं इथेच बिघडतं: u(t-na) लिहायचं राहतं, मग पुढची पदं e^(-(t-na)/τ) प्रमाणे भराभर मोठी होत जातात आणि बेरीज फुटते. u सांभाळून जिवंत पदांची भूमिती श्रेणी जमवली तर वरचंच उत्तर येतं. एकदा करून बघावं, पण दरवेळी त्या वाटेनं जायचं कारण नाही.

आता २.५ व्होल्ट. फायनल व्हॅल्यू थिअरमला एक अट आहे: sY(s) चे सगळे पोल काल्पनिक अक्षाच्या डावीकडे हवेत. इथे अनंत पोल नेमके त्या अक्षावरच बसलेत, कारण आउटपुट कायम वर-खाली होत राहणार आहे आणि त्याला शेवटची किंमतच नाही. अट मोडून थिअरम वापरला तरी तो काहीतरी आकडा देतो, आणि धोका तोच आहे. तो आकडा म्हणजे s = 0 च्या पोलचा रेसिड्यू, E/2, म्हणजेच आउटपुटचा डीसी भाग. सरासरी हवी असेल तर तो आकडा जरूर वापरा. ३.६५५ आणि १.३४५ ची सरासरीही २.५ च येते. मात्र पेपरात त्याला फायनल व्हॅल्यू म्हणून लिहू नका.

बाकीच्या पोलचे रेसिड्यूही काढता येतात आणि त्यातून फूरिये सीरिज मिळते. पहिल्या हार्मोनिकचा आयाम तुमच्या आकड्यांत ०.९६५ व्होल्ट येतो, तिसऱ्याचा ०.११२. पण आउटपुट सरासरीपासून वर-खाली १.१५५ व्होल्ट जातं. नुसता पहिला हार्मोनिक धरून टोकं काढली तर ती साधारण १.५३ आणि ३.४७ येतील, स्कोपशी जुळणार नाहीत. टोकं हवी असतील तेव्हा वरचं बंद सूत्रच वापरावं. फूरिये तेव्हा घ्यावं जेव्हा एखाद्या ठराविक फ्रिक्वेन्सीला किती उरतं हे विचारलेलं असतं.

लॅबमधलं थोडं सांगतो, कारण गणित आणि स्कोप जुळला नाही की दोष बहुतेक वेळा मोजणीत सापडतो. टोकांच्या सूत्रांतून दोन फार उपयोगी गोष्टी निघतात:

```
Vmax + Vmin = E
Vmax / Vmin = e^(a/τ),  म्हणजे  τ = a / ln(Vmax/Vmin)
```

पहिलीत R, C, फ्रिक्वेन्सी काहीच नाही. म्हणून आधी टोकांची बेरीज करा. ती इनपुटच्या ५ व्होल्टइतकी आली नाही तर रेझिस्टर-कपॅसिटर बदलत बसू नका, त्यांच्या किमतींचा त्यात संबंध नाही. ऑफसेट, ड्यूटी सायकल किंवा इनपुटची उंची चुकलेली आहे. बऱ्याच फंक्शन जनरेटरवर स्क्वेअर वेव्ह मुळात शून्याभोवती दोन्ही बाजूंना असते, ० ते ५ करायला २.५ व्होल्टचा ऑफसेट द्यावा लागतो. शिवाय जनरेटर पलीकडे ५० ओहमचा लोड आहे असं धरून आकडा दाखवत असेल, तर १० किलोओहमच्या सर्किटवर दुप्पट व्होल्टेज पडतो. आणि स्कोपचा चॅनेल एसी कपलिंगवर राहिला असेल तर २.५ व्होल्टचा डीसी तिथेच अडतो आणि लाट शून्याभोवती १.१५५ वर-खाली दिसते. म्हणून आधी डीसी कपलिंग, मग वाचन.

बेरीज जमली तर दुसऱ्या सूत्रानं τ काढा. कपॅसिटरवर ०.१ मायक्रोफॅरड छापलं असलं तरी तो २० टक्के जास्त असू शकतो. तसं असेल तर τ १.२ मिलिसेकंद होतो आणि टोकं ३.४८५ व १.५१५ वर येतात. बेरीज तरीही ५ च. म्हणजे बेरीज ठीक पण टोकं हललेली असतील तर दोष कपॅसिटर किंवा रेझिस्टरच्या किमतीत आहे. स्कोपवर ६३ टक्क्यांची रेघ शोधण्यापेक्षा τ मोजायची ही रीत मला जास्त भरवशाची वाटते, कारण इथे लाट पूर्ण वर पोचायची वाट बघावी लागत नाही.

ट्रान्झियंट मात्र नेहमीच्या ट्रिगरवर दिसणार नाही. चार-पाच मिलिसेकंदांत तो विरतो आणि तुम्ही स्क्रीनकडे बघेपर्यंत शेकडो आवर्तनं होऊन गेलेली असतात. जनरेटर बर्स्ट मोडमध्ये टाका, दोन बर्स्टमध्ये कपॅसिटर रिकामा व्हायला दहा-वीस मिलिसेकंद जाऊ द्या, आणि स्कोप सिंगलवर ठेवा. मग ३.१६ चं पहिलं टोक आणि नंतर ३.६५ कडे सरकणारी टोकं स्पष्ट दिसतील.

तेच सर्किट ५० किलोहर्ट्झला चालवलं तर चित्र पार बदलतं. a दहा मायक्रोसेकंद होतो, a/τ = 0.01. टोकांमधला फरक, E·tanh(a/2τ), फक्त २५ मिलिव्होल्ट उरतो आणि लाट जवळजवळ त्रिकोणी दिसते. पण ट्रान्झियंट २.४८८ व्होल्टचा होतो आणि तो विरायला लागणारा वेळ तितकाच, पाच मिलिसेकंद, म्हणजे अडीचशे आवर्तनं. मायक्रोकंट्रोलरच्या पीडब्ल्यूएमला आरसी लावून डीसी काढताना नेमकी हीच ओढाताण असते. रिपल कमी करायला τ वाढवाल तितकं आउटपुट स्थिरावायला उशीर.

स्क्वेअर वेव्ह शून्याभोवती, +E ते -E, असेल तर लाप्लास (E/s)·tanh(as/2) होतो. s = 0 ला tanh शून्य होतो, म्हणून तिथला पोल नाहीसा होतो आणि सरासरी शून्य. रीत तीच, पण ट्रान्झियंटचं चिन्ह उलटतं: +E·tanh(a/2τ)·e^(-t/τ). चिन्ह बदललं म्हणून घाबरू नका. या वेळी पक्की लाट t = 0 ला ऋण टोकावर असायला हवी होती आणि कपॅसिटर शून्यावर, म्हणजे तिच्या वर होता.

हेच सूत्र सर्किटबाहेरही चालतं. मी कुपवाडच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, तिथे टायमरवर चालणाऱ्या गरम हवेच्या भट्ट्या असतात. धरा, हीटर दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, τ तीस मिनिटं, आणि हीटर सतत चालू ठेवला तर भट्टी खोलीपेक्षा ९० अंश वर स्थिरावते. मग p = e^(-1/3) = 0.7165, वरचं टोक खोलीपेक्षा ५२.४ अंश वर, खालचं ३७.६ अंश वर. पहिल्या दहा मिनिटांनंतर मात्र भट्टी २५.५ अंशच चढलेली असते. ट्रान्झियंट ३७.६ अंशांचा आहे, तो एका अंशाच्या आत यायला जवळपास दोन तास लागतात. पहिल्या तासात माल घातला तर तो कच्चा राहतो, ते यामुळे.

पण इथेच या रीतीची हद्दही दिसते. समजा पंखा फक्त हीटरबरोबर चालतो. मग तापताना τ वेगळा आणि निवताना वेगळा. तेव्हा H(s) एक राहत नाही, सिस्टिमचा पोल दर अर्ध्या भागात जागा बदलतो आणि वरचं सगळं लाप्लासचं गणित लागू होत नाही. बेंचवर हा प्रकार तुम्हाला LM393 सारख्या ओपन कलेक्टर आउटपुटवर भेटेल. कपॅसिटर भरतो तो पुल-अप रेझिस्टर आणि R या दोघांतून, रिकामा होतो तो फक्त R मधून. ४.७ किलोओहमचा पुल-अप ५ व्होल्टला जोडला असेल तर भरतानाचा τ १.४७ मिलिसेकंद, रिकामं होतानाचा १ मिलिसेकंद. p1 = 0.5065 आणि p2 = 0.3679 घेऊन टोकांची दोन समीकरणं लिहायची:

```
Vmax = E - (E - Vmin)·p1
Vmin = Vmax·p2

Vmax = E·(1 - p1) / (1 - p1·p2)
```

यातून वरचं टोक ३.०३३, खालचं १.११६. गुणोत्तर अजूनही e च येतं, म्हणून τ मोजला तर तो १ मिलिसेकंद, अगदी बरोबर वाटतो. पण टोकांची बेरीज ४.१५ व्होल्ट होते. इनपुट ५०० हर्ट्झचं, निम्मं-निम्मं, पूर्ण ५ व्होल्टचं आहे याची खात्री असूनही बेरीज अशी कमी पडली, तर भरायचा आणि रिकामं व्हायचा रस्ता वेगळा आहे असं समजा. मग रेसिड्यूची रीत बाजूला ठेवून या दोन समीकरणांनी सोडवा.